गूगल येऊन गेलं, पण पान घेतलं नाही

सर्च कन्सोल उघडून डावीकडे `Pages` वर टिचकी मारली की वर दोन आकडे दिसतात. `Indexed` म्हणजे गूगलच्या इंडेक्समध्ये असलेली, शोधात दिसू शकणारी पानं. `Not indexed` म्हणजे तिथे नसलेली. खाली नसण्याच्या कारणांची यादी असते आणि छोट्या साइटच्या मालकाचा जीव खालीवर करणारी ओळ तिच्यातच असते: `Crawled - currently not indexed`. मग त्या पडद्याचा स्क्रीनशॉट साइट बनवून देणाऱ्याला जातो, आणि सोबत प्रश्न येतो की साइटमध्ये काय बिघडलंय.

देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराचं उदाहरण घेऊ. हापूस थेट गिऱ्हाइकाला विकण्यासाठी त्याने साइट केली आहे, वर्डप्रेसवर, आणि दुकान वूकॉमर्सचं. साइट कल्पनेतली आहे, पण तिचे आकडे अशा दुकानांत नेहमी दिसतात त्याच वळणाचे आहेत. त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये `Indexed` ४१ आहे आणि `Not indexed` ३१८. त्या ३१८ पैकी १८७ एकट्या या ओळीत. बागायतदाराने स्वतः लिहिलेली, फोटो टाकून सजवलेली पानं आहेत अवघी ७३. मग हे १८७ कुठले?

त्याआधी ही ओळ नेमकं काय सांगते ते पाहू. गूगलचा गूगलबॉट हा प्रोग्रॅम पानावर आला, पान उघडलं, त्याची प्रत घेऊन गेला. दार बंद नव्हतं, सर्व्हर आडवा पडला नव्हता, आत येऊ नका अशी पाटीही नव्हती. पान पाहून झाल्यावर गूगलने ते सध्या इंडेक्समध्ये ठेवलं नाही, एवढंच. तिच्याच शेजारी बऱ्याचदा `Discovered - currently not indexed` अशी दुसरी ओळ असते आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. त्या दुसऱ्या ओळीत गूगलला पत्ता कळलेला असतो, पण बॉट अजून तिथे पोहोचलेला नसतो. पहिल्या ओळीतल्या पानाचं तसं नाही. ते पाहून बाजूला ठेवलेलं आहे. म्हणून बॉटला पुन्हा बोलवण्याचे उपाय इथे फारसे कामी येत नाहीत. गूगलच्या मदतपानावरही या ओळीपुढे हेच लिहिलंय की पान पुढे इंडेक्समध्ये येईल किंवा येणार नाही, ते पुन्हा सादर करायची गरज नाही. छोट्या साइटवाल्यांना काही जण 'क्रॉल बजेट' संपल्याची भीती घालतात. गूगल स्वतः तो विषय दहा लाखांहून जास्त पानं असलेल्या, किंवा दहा हजारांहून जास्त पानं रोज बदलणाऱ्या साइटसाठी मांडतं. ७३ पानांच्या दुकानाने त्याचा विचारसुद्धा करू नये.

आता आकडा फोडायचा. अहवालाच्या वरच्या बाजूला `All known pages` असं लिहिलेली एक निवड असते. बरेच जण तिला कधी हातच लावत नाहीत. ती बदलून `All submitted pages` करायची. मग कन्सोल फक्त साइटमॅपमधली पानं मोजतं, म्हणजे आपणच गूगलला यादी करून दिलेली. आपल्या बागायतदाराच्या साइटमॅपमध्ये ती ७३ खरी पानंच आहेत, आणि निवड बदलल्याबरोबर १८७ चा आकडा ३२ वर येतो. काळजी करायची तर या ३२ पानांची.

उरलेली १५५ म्हणजे नुसते पत्ते. ओळीवर टिचकी मारली की खाली नमुन्याचे पत्ते दिसतात, जास्तीत जास्त एक हजार, आणि ते शीटमध्ये उतरवून घेता येतात. शीट पत्त्यांनुसार लावली की काही मिनिटांत उलगडा होतो. ९६ पत्त्यांच्या शेवटी `/feed/` आहे. वर्डप्रेस प्रत्येक लेखाचा, प्रत्येक टॅगचा फीड आपोआप तयार करतं, तेच हे. ३८ पत्त्यांत `?add-to-cart=` आहे, म्हणजे 'पिशवीत टाका' या बटणाचे दुवे. २१ टॅगांची पानं आहेत, ज्यांच्यावर दुसरीकडे असलेल्याच लेखांची यादी पुन्हा येते. यातलं एकही पान शोधात दिसावं असं कुठल्याही बागायतदाराला वाटणार नाही. गूगलने ती बाजूला ठेवली हे बरंच झालं. फीडना हात लावायचा नाही. बटणांचे दुवे खुपतच असतील तर robots.txt मध्ये एक ओळ घालता येते:

```
User-agent: *
Disallow: /*add-to-cart=
```

एवढ्यासाठी मात्र एक पथ्य पाळावं लागतं. जे पान robots.txt ने अडवलंय त्याच्यावर पुन्हा noindex ची खूण लावून उपयोग नसतो. बॉट पान उघडूच शकला नाही तर आतली खूण त्याला दिसणार कशी? दोन्हींपैकी एकच काहीतरी करायचं. छोट्या साइटने काहीच केलं नाही तरी बिघडत नाही.

शीट चाळताना एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं. आपण कधी लिहिलेच नाहीत असे पत्ते त्यात आहेत का? जपानी अक्षरांची पानं, औषधांची नावं, भलत्याच मालाची विक्री. असे शेकडो पत्ते दिसले तर साइटमध्ये कुणीतरी शिरून पानं पेरली आहेत असं समजायचं. मग इंडेक्सचा विषय बाजूला ठेवून आधी पासवर्ड, जुने प्लगिन आणि कन्सोलमधला `Security issues` हा भाग तपासायचा.

आता ती ३२ पानं. त्यातलं एखादं उचलून त्याचा पत्ता कन्सोलच्या वरच्या पट्टीत टाकायचा. याला यूआरएल तपासणी म्हणतात. कधीकधी अहवाल पान इंडेक्समध्ये नाही म्हणतो आणि तपासणीत `URL is on Google` असं येतं. अहवाल काही दिवस मागे असतो, म्हणून तपासणीचं उत्तर खरं मानायचं. ते पान यादीतून खोडून पुढे जायचं. उत्तर `URL is not on Google` असं आलं तर `View crawled page` उघडायचं. तिथे गूगलबॉटच्या हाती पडलेला पानाचा कोड जसाच्या तसा दिसतो. `Test live URL` चाचणी घेतली तर बॉटला पान कसं दिसतं त्याचं चित्रही मिळतं. या सगळ्या कामात सर्वांत जास्त काही शिकवणारी जागा हीच आहे, आणि बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते.

बागायतदाराच्या साइटवर जुन्या कलमांच्या निगराणीविषयी एक लेख आहे. वाचणाऱ्याला तो पूर्ण दिसतो, मोहोर, फवारणी, छाटणी सगळं. बॉटच्या प्रतीत मात्र लेखाच्या जागी एवढंच आहे:

```
<div class="entry-content">
<img src="kalam-1.jpg" alt="">
<img src="kalam-2.jpg" alt="">
</div>
```

लेख पूर्वी कुठेतरी छापून आला होता आणि त्याचं कात्रण स्कॅन करून टाकलंय. चित्रातली अक्षरं गूगल पानाचा मजकूर म्हणून धरेल, असा भरवसा ठेवता येत नाही. त्याच्या लेखी हे दोन निनावी चित्रांचं पान आहे. उपाय सरळ आहे, थोडा कंटाळवाणा आहे. सगळा लेख युनिकोडमध्ये टाइप करायचा आणि कात्रण हवं तर खाली ठेवायचं.

मराठी साइटवर हा घोटाळा आणखी एका रूपात भेटतो. डीटीपीवाल्याकडून आलेली पुस्तिका किंवा स्मरणिका पीडीएफ म्हणून चढवली जाते आणि ती कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली असते. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. ओळखायचं कसं? पीडीएफमधलं एक वाक्य उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक. गिचमिड उमटली तर गूगललाही तीच दिसते आहे. संस्थांच्या, छोट्या प्रकाशकांच्या साइटवर वर्षानुवर्षांचं चांगलं लेखन या एका कारणाने शोधाबाहेर राहतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तिथे लेखनात काहीच खोट नसते.

असा तांत्रिक दोष मात्र ३२ पैकी एकाच पानात निघाला. बाकीच्या पानांत बॉटने तेच पाहिलं जे आपण पाहतो. म्हणजे प्रश्न पानातल्या मजकुराचा आहे, आणि तो मान्य करणं मालकाला जड जातं.

त्यांतली २४ पानं शहरांची आहेत. 'पुण्यात अस्सल हापूस घरपोच', 'नाशिकमध्ये अस्सल हापूस घरपोच', 'नागपूरमध्ये', 'बेळगावात' आणि पुढे. शहराचं नाव बदललंय, बाकी परिच्छेद शब्दन्‌शब्द तोच. असं केलं की प्रत्येक गावच्या शोधात आपण दिसू, असा सल्ला साइट बनवणारे सर्रास देतात. माझ्या मते छोट्या दुकानाचं सर्वांत जास्त नुकसान हाच सल्ला करतो. गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत अशा पानांना थेट नाव आहे, डोअरवे. शहरापुरती बदललेली आणि शेवटी एकाच ठिकाणी नेणारी पानं त्यात मोडतात. शिवाय नुकसान त्या २४ पानांवर थांबत नाही. गूगलचे जॉन म्यूलर साइटमालकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना वारंवार सांगत आले आहेत की इंडेक्स करायचं की नाही हे ठरताना एकंदर साइटचा दर्जाही पाहिला जातो. ७३ पैकी २४ पानं एकाच साच्यातून काढलेली असली की बाकीच्या पानांनाही त्याची झळ बसते.

त्या २४ पानांवर प्रत्येकी आणखी तीनशे शब्द भरायचे, शहराचा इतिहास घालायचा, हा उपाय नव्हे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला शनिवारवाड्याची माहिती नको असते. त्याला पेटी किती दिवसांत पोहोचेल, वाहतुकीचं भाडं किती, आंबा कच्चा येईल की तयार, वाटेत डागाळला तर पैसे परत मिळतील का, हे हवं असतं. ही उत्तरं देणारं घरपोच सेवेचं एकच पान लिहायचं. त्यात गावांचा तक्ता करायचा, कुठे कुरिअरने जातं, कुठे गाडीने, किती दिवस लागतात, किमान किती पेट्या घ्याव्या लागतात. अशी माहिती दुसऱ्या कुठल्याही साइटवर नसते, कारण ती या बागायतदाराच्याच धंद्याची आहे. मग जुने २४ पत्ते कायमच्या बदलाने नव्या पानाकडे वळवायचे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगिन आहेत. अपाची सर्व्हरवर .htaccess फाइलमध्ये दर पत्त्याला एक ओळ पुरते:

```
Redirect 301 /hapus-pune/ https://example.com/gharpoch/
```

इथे एक चूक हमखास होते. सगळे जुने पत्ते साइटच्या पहिल्या पानाकडे वळवले जातात. जुन्या पानाचा विषय तिथे नसेल, तर गूगल असं वळण `Soft 404` समजू शकतं, म्हणजे पान नसल्यातच जमा. वळवायचं ते विषयाला धरून.

आणखी ५ पानं पेट्यांची आहेत. एक डझन, दोन डझन, चार, पाच, सहा. प्रत्येकावर तोच फोटो, दोन ओळी आणि किंमत. वूकॉमर्समध्ये एकाच मालाला पर्याय देता येतात. पाचांचं एक पान करून गिऱ्हाइकाला डझन निवडायला लावायचं, आणि उरलेले चार पत्ते त्या पानाकडे वळवायचे. एकत्र केलेल्या पानावर मग लिहायला खरोखर काहीतरी मिळतं: फळाचं वजन किती असतं, पेटीत गवत कसं भरतात, आल्यावर किती दिवसांत खायला तयार होतं.

आता राहिले दोन लेख. एक 'आंबा खाण्याचे फायदे'. जीवनसत्त्वं, तंतू, त्वचेची चमक. याच नावाचे लेख इंटरनेटवर इतके पडले आहेत की त्यांत हा कशासाठी ठेवायचा याला गूगलकडे उत्तर नाही, आणि खरं तर बागायतदाराकडेही नाही. तो काढून टाकला तरी कुणाचं अडणार नाही.

दुसरा लेख आढीवर आहे, आणि तो चांगला आहे. कच्चा आंबा घरी आल्यावर गवतात किंवा पेंढ्यात कसा रचायचा, देठ कुठल्या बाजूला, किती थर, कितव्या दिवशी उलटून पाहायचं, कुजका आंबा ताबडतोब का काढायचा. हे सगळं हाताने केल्याशिवाय लिहिता येत नाही. मग तो बाहेर का? यूआरएल तपासणीत `Referring page` असा रकाना असतो आणि पान गूगलला कुठून सापडलं ते तो सांगतो. इथे तिथे फक्त साइटमॅपची नोंद आहे. साइटवर शोधून पाहिलं, तर लेखांच्या यादीच्या चौथ्या पानावर त्याचा एकच दुवा सापडतो. मुख्य पानावरून नाही, पेटीच्या पानावरून नाही. साइटच त्याला कोपऱ्यात टाकून बसली असेल तर गूगलला त्याचं महत्त्व कसं कळावं? पेटीच्या पानावर 'कच्चा आंबा आढीत कसा लावायचा ते इथे वाचा' असं एक वाक्य घालून दुवा द्यायचा, घरपोच सेवेच्या पानावरूनही द्यायचा. 'इथे क्लिक करा' एवढ्यावर दुवा लावू नये. पान कशाविषयी आहे ते दुव्याच्या शब्दांतूनच कळायला हवं. दुव्याने पान आत जाईलच अशी हमी नाही, पण या लेखाच्या बाबतीत मालकाच्या हातात एवढीच एक कमतरता होती.

सगळी दुरुस्ती झाल्यावर, आधी नव्हे, यूआरएल तपासणीत `Request indexing` हे बटण दाबायचं. घरपोच सेवेचं पान, पेटीचं पान, आढीचा लेख, टाइप केलेला कलमांचा लेख, एकेकदा. या बटणाला दिवसाची मर्यादा आहे आणि त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा दाबल्याने काम लवकर होत नाही, असं गूगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. नंतर बॉट यायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. 'चोवीस तासांत इंडेक्स करून देतो' असं म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहावं. त्यांतले काही जण गूगलचं इंडेक्सिंग एपीआय वापरतात, जे फक्त नोकरीच्या जाहिरातींच्या आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. आंब्याच्या दुकानासाठी ते नाही. आणि पान पाहूनच बाजूला ठेवलेलं असेल, तर कुणीही कितीही वेळा बोलावलं तरी पाहणारा तेच पान पुन्हा पाहणार.

साइटमॅपमध्येही थोडी साफसफाई लागते. काढलेली आणि वळवलेली पानं तिथून गेली आहेत ना, हे पाहायचं. lastmod ही तारीख गूगल वापरतं, पण ती खरी असल्याचं दिसून आलं तरच. रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारे प्लगिन असतात, ते बंद करावेत. priority आणि changefreq हे रकाने गूगल पाहतच नाही, त्यांवर वेळ घालवू नये.

हापूसवाल्यासाठी वेळेचं गणित वेगळंच असतं. मार्च उजाडला की गिऱ्हाईक शोधू लागतं, म्हणून ही कामं पावसाळा सरल्यावर, मोहोर यायच्या सुमारास उरकलेली बरी. दरवर्षी `/hapus-2024/`, `/hapus-2025/` अशी नवी पानं काढण्याची सवयही मोडायला हवी. दर हंगामात नवं पान पुन्हा शून्यापासून सुरू होतं आणि जुनं तसंच पडून राहतं. पत्ता एकच ठेवायचा, `/hapus/`, आणि भाव, तारखा, उपलब्धता त्याच्यावर बदलत जायची. गिऱ्हाइकाने गेल्या वर्षी कुणाला पाठवलेला दुवाही मग याही वर्षी चालतो.

एवढं केल्यावर स्क्रीनशॉट कसा दिसेल, हे मालकाला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर त्याची निराशा होते. ७३ पानांची ४५ झाली. २४ शहरांची आणि ४ पेट्यांची पानं `Page with redirect` या ओळीत जातील, काढलेला लेख `Not found (404)` मध्ये. फीड आणि बटणांचे दुवे बहुतेक तिथेच राहतील. म्हणजे `Not indexed` चा ३१८ हा मोठा आकडा फारसा हलणारच नाही. तो पाहून काम फुकट गेलं असं समजू नये. पाहायचं ते `All submitted pages` निवडून. तिथे ४५ पैकी किती आत आहेत, एवढंच महिन्यातून एकदा टिपून ठेवायचं. ४२ किंवा ४३ आली आणि दोन-तीन बाहेर राहिली तरी चालतं. प्रत्येक पान क्रॉल किंवा इंडेक्स करण्याची हमी गूगल कुणालाच देत नाही, आणि मोठमोठ्या साइटचीही सगळी पानं कधी आत नसतात. बाहेर राहिलेल्यांत पेटीचं पान असेल तर मात्र थांबायचं नाही. त्याचा पत्ता पुन्हा वरच्या पट्टीत टाकायचा आणि बॉटची प्रत पहिल्या ओळीपासून वाचायची.